सात जीव धुरानं गेले, आणि स्कूटर अजून जिन्याखालीच चार्ज होतेय

मित्रांनो, जरा लांबलचक लिहितोय, पण दुकान खाली आणि घर वर असं ज्यांचं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आपल्या जालन्यात अशी घरं कमी नाहीत. जुन्या बाजारपेठेत खाली शटर, वर संसार, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. फक्त गेल्या तीन-चार वर्षांत त्या शटरच्या आत एक नवीन वस्तू आली. रात्री दुकान बंद करताना मालक स्कूटर आत घेतो, बोर्डात पिन घालतो, शटर ओढतो आणि वर झोपायला जातो.

३ एप्रिल २०२४ ची पहाट आठवा. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातला दाणा बाजार. तळमजल्यावर कपडे शिवायचं दुकान, वर राहणारी कुटुंबं. पहाटे चारच्या सुमारास दुकानात आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले. दोन पुरुष, तीन महिला, दोन लहान मुलं. दुकानात इलेक्ट्रिक दुचाकी चार्जिंगला लावलेली होती आणि आग तिथूनच सुरू झाली असावी, असा संशय पहिल्या दिवसापासून व्यक्त झाला.

त्या बातमीतली एक ओळ बऱ्याच जणांच्या लक्षात राहिली नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच होती. पोलिसांनी त्याच दिवशी सांगितलं होतं की आग वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. माणसं गुदमरून गेली, असा प्राथमिक अंदाज होता. म्हणजे ज्वाळा खालीच होत्या. वर गेला तो धूर.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपण सगळे "बॅटरी फुटते का, कोणत्या कंपनीची फुटते" यावर भांडत बसतो. ते महत्त्वाचं आहेच. पण माणसं मरतात ती बॅटरी कुठे ठेवली आणि किती वाजता लावली यामुळे. बंद दुकान, वर जायचा एकच जिना आणि झोपेची वेळ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की साधी वाटणारी आग सात जणांचा जीव घेते. यातल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आता जरा खोलात जाऊ.

आपल्या बाजारात ज्या स्कूटर दुकानांत उभ्या दिसतात, त्यातल्या कितीतरी कमी वेगाच्या आहेत. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर असेल तर कायद्याच्या नजरेत ती मोटार वाहनच नसते. नंबर प्लेट नको, लायसन्स नको, विमाही सक्तीचा नाही. म्हणूनच त्या खपतात. पोराला क्लासला जायला, माल पोचवायला, बाईंना भाजी आणायला स्वस्तात भागतं. मला त्या गाडीबद्दल राग नाही. पेट्रोलचे भाव बघता ज्यानं घेतली त्यानं शहाणपणाच केला.

अशी एक स्कूटर डोळ्यांसमोर ठेवू, कारण गणित त्यावरच मांडायचंय. घेतली तेव्हा तिच्यात ॲसिडच्या बॅटऱ्या होत्या. १२ व्होल्टच्या पाच, एकाला एक जोडलेल्या, म्हणून "६० व्होल्टची गाडी". दीड-दोन वर्षांत त्या बसल्या. आधी एका चार्जिंगला पन्नास किलोमीटर जायची, ती पंधरावर आली. मालक मेकॅनिककडे गेला. मेकॅनिक म्हणाला, "काका, परत ॲसिड कशाला टाकता, लिथियम टाका. वजनाला हलकी, चालते जास्त." टाकली. ६० व्होल्ट, २४ ॲम्पिअर-अवरचा डबा. वायरिंग तेच, सॉकेट तेच, आणि चार्जरही तोच जुना. पिन बसते ना, मग झालं.

इथेच मेख आहे. "६० व्होल्ट" हे नुसतं नाव आहे, तो चार्जिंगचा आकडा नाही.

ॲसिडची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.७ व्होल्ट लागतात. पाच असतील तर ७३.५. म्हणजे त्या जुन्या चार्जरचा शेवटचा आकडा ७३.५ च्या आसपास असणार. आता लिथियमच्या डब्यात काय असतं? छोटे छोटे सेल असतात, टॉर्चच्या सेलसारखे पण जरा मोठे. लिथियममध्येही दोन जाती आपल्याकडे जास्त चालतात. एक एनएमसी, दुसरी एलएफपी. एनएमसीचा एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, त्याच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही. ६० व्होल्टच्या डब्यात असे १६ सेल ओळीनं जोडलेले असतील तर सगळा डबा ६७.२ व्होल्टला भरला. त्यावर तुम्ही ७३.५ चा चार्जर लावला, तर एकेका सेलवर येतात जवळजवळ ४.६ व्होल्ट. सेलची मर्यादा ४.२, आपण देतोय ४.६. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. सेलच्या दृष्टीनं तो भरलेल्या पोटावर जबरदस्तीनं घास कोंबण्याचा प्रकार आहे.

आता गंमत बघा. एलएफपी जातीच्या ६० व्होल्टच्या डब्यात २० सेल असतील तर तो ७३ व्होल्टला भरतो. म्हणजे तोच जुना चार्जर तिथे जवळपास जुळून जातो. म्हणून शेजारचा दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "मी वर्षभर जुन्याच चार्जरवर चालवतोय, काही होत नाही." तो खोटं बोलत नाहीये. त्याचा डबा वेगळा आहे. डब्यावरचं स्टिकर दोघांचंही ६० व्होल्टचं, सॉकेट दोघांचं सारखं, आणि आतला माल वेगळा. शेजाऱ्याचं ऐकून चार्जर वापरणं म्हणजे शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून गाडी चालवणं.

जाणकार मंडळी म्हणतील की आत बीएमएस असतो, तो तोडतो की. बरोबर आहे. बीएमएस म्हणजे डब्यातला वॉचमन. एखादा सेल मर्यादेच्या पुढे गेला, तापला, की तो करंट तोडतो. चांगल्या बॅटरीत हा वॉचमन प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतो आणि तापमानही मोजतो. पण रोज रात्री चुकीच्या चार्जरशी झुंज द्यायची म्हणजे रोज रात्री त्या वॉचमनच्या भरवशावर झोपायचं. त्याच्यातला स्विच इलेक्ट्रॉनिक असतो, आणि हे स्विच बिघडतात तेव्हा बरेचदा "चालू" अवस्थेतच अडकून बसतात. एके रात्री तो तोडायला जातो आणि तुटत नाही. बाहेरून तुम्हाला काहीच कळत नाही. सकाळपर्यंत चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला नाही, एवढीच काय ती खूण.

म्हणून पहिली गोष्ट. तुमच्या चार्जरच्या पाठीवर आऊटपुटचा आकडा छापलेला असतो, तो वाचा. बॅटरीच्या डब्यावर किंवा बिलावर पूर्ण चार्जिंगचा व्होल्टेज असतो, तो वाचा. दोन्ही जुळले पाहिजेत. डब्यावर नुसतं "६० व्होल्ट २४ एएच" लिहिलंय, सेलची जात नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, सिरियल नंबर नाही, तर ज्यानं दिली त्याच्याकडून ते बिलावर लिहून घ्या. बिल द्यायला जो का-कू करतो, त्याची बॅटरी आपल्या लेकराबाळांच्या झोपेखाली ठेवायची नाही.

२०२२ साली देशभर स्कूटरच्या आगी लागल्या तेव्हा केंद्र सरकार जागं झालं हे खरं. त्या सप्टेंबरात आपल्या वसईत घराच्या हॉलमध्ये चार्जिंगला लावलेली बॅटरी पहाटे फुटली आणि सात वर्षांचं पोरगं भाजून गेलं. त्याच महिन्यात सिकंदराबादेत खाली ई-स्कूटरचं शोरूम आणि वर लॉज असलेल्या इमारतीत आठ जण गेले. तिथेही धूर जिन्यानं वर गेला. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ नावाच्या मानकात दुरुस्त्या झाल्या, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एक सेल पेटला तरी सगळा डबा पेटू नये, बीएमएस कसा असावा, चार्जर कसा असावा, डब्यात वाफ बाहेर पडायला वाट हवी, हे सगळं त्यात आलं.

चांगलंच झालं. पण हा नियम कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीला धरतो. गल्लीतल्या दुकानात जुन्या गाडीत बदलून टाकलेल्या डब्याला कोण विचारतो? नंबर प्लेटच नाही तर आरटीओ ती गाडी बघणार कधी? मोठा दरवाजा बंद केला आणि खिडकी सताड उघडी ठेवली, अशी ही गत आहे.

आता दुसरी गोष्ट, वेळेची. २४ ॲम्पिअर-अवरचा डबा आणि ५ ॲम्पिअरचा चार्जर असेल तर रिकामी बॅटरी भरायला पाच तास, शेवटचा टप्पा हळू भरतो म्हणून साडेपाच-सहा धरा. रात्री दहाला पिन घातली तर भरेल पहाटे साडेतीन-चारला. सेलमध्ये सगळ्यात जास्त ताकद साठलेली असते ती तेव्हा. चुकीचा चार्जर किंवा बिघडलेला बीएमएस मर्यादा ओलांडतो तो तेव्हाच, भरत आल्यावर. आणि घरातली माणसं सगळ्यात गाढ झोपेत असतात तीही तेव्हाच. मध्येच लाईट गेली आणि तासाभरानं आली तर हे आणखी पुढे सरकतं. थोडक्यात, सगळ्यात धोक्याचा अर्धा तास आपण स्वतःच्या हातानं नेमून देतोय, आणि नेमतोय तोही बघायला कुणी जागं नसेल असा.

आणि याची गरज तरी आहे का? हिशेब करा. जालना शहरात दुकान ते घर, घर ते मोंढा, मोंढा ते बँक असं करून दिवसाला किती फिरणं होतं? पंधरा किलोमीटर म्हणजे खूप झालं. एका चार्जिंगला पन्नास किलोमीटर जाणारी गाडी त्यात तीस टक्के उतरते. ती भरायला लागतात दीड-दोन तास. त्यासाठी रात्रभर पिन कशाला? सकाळी दुकान उघडलं की गाडी बाहेर सावलीत उभी करा, दहाला पिन घाला, बाराला काढा. समोर तुम्ही आहात, पोरगा आहे, गिऱ्हाईक आहे. डबा फुगला, वास आला, तर दहा डोळे बघणार. तेच रात्री दोनला झालं तर फक्त शटर बघणार.

आपल्याकडच्या उन्हाचंही एक आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. भर दुपारी फिरून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावायची नाही. तासभर सावलीत थंड होऊ द्या. पत्र्याच्या शेडमध्ये, जनरेटरच्या बाजूला, कापडाच्या गठ्ठ्याला टेकून तर मुळीच नाही.

आता धुराचं सांगतो, कारण हाच माझ्या लिहिण्याचा मूळ मुद्दा आहे.

लिथियम सेल आतून तापायला लागला की एका टप्प्यानंतर त्याला बाहेरची वीज लागतच नाही. आतले पडदे वितळतात, आत शॉर्ट होतो, त्यातून आणखी उष्णता, त्यातून शेजारचा सेल. हा साखळीचा खेळ काही सेकंदांत सुरू होऊ शकतो. त्या वेळी पिन उपटली तरी तो थांबत नाही. आधी पांढरट वाफ निघते, मग काळा धूर. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, ज्याला वास नाही. फ्लोरिनचे झोंबणारे वायू असतात. आणि त्या भोवती दुकानातला माल पेटला की त्याचा धूर वेगळाच. छावणीतली घटना घडली तेव्हा ईद आठवड्यावर आली होती. त्या दिवसांत शिवणकामाच्या दुकानात कापड किती असतं, हे सांगायला नको. सिंथेटिक कापड, फोम, प्लास्टिकच्या पिशव्या, हँगर. हे जळतं कमी आणि धूर जास्त सोडतं, कारण बंद शटरमागे हवाच कमी असते.

हा धूर जाणार कुठे? शटर बंद, मागे भिंत. वाट एकच, जिना. आपल्या जुन्या इमारतींमध्ये जिना एक तर दुकानाच्या आतून चढतो, नाहीतर शटरच्या अगदी बाजूनं. गरम धूर वरच जातो, म्हणजे जिन्याचं धुराडं होतं. वरच्या माणसाला जाग येते तोवर खोलीत धूर भरलेला असतो. तो पहिल्यांदा काय करतो? जिन्याचं दार उघडतो. उघडलं की उरलेला धूर अंगावर येतो. खिडकीकडे धावतो, तर खिडकीला चोरांच्या भीतीनं ठोकलेली लोखंडी जाळी. जिना आगीच्या तोंडाशी, खिडकीला जाळी. ही इमारत बांधताना कुणीही वाईट विचार केलेला नव्हता, पण रात्री चारला ती पिंजरा होते.

म्हणून मी म्हणतो, बॅटरी कितीही चांगल्या कंपनीची असू द्या, बिल असू द्या, चार्जर जुळू द्या, तरी ती जिन्याच्या तोंडाशी चार्ज करायची नाही. चांगल्या बॅटरीनं आग लागण्याची शक्यता खूप कमी होते. शून्य होत नाही. आणि ज्या दिवशी ती शक्यता खरी ठरते, त्या दिवशी माणूस वाचतो तो वाटेमुळे.

लोक मला विचारतात, "बाहेर ठेवली तर बॅटरी चोरीला जाईल, त्याचं काय?" प्रश्न खरा आहे. बॅटऱ्या चोरीला जातात. त्यावर उत्तर असं, की गाडी रात्री आत ठेवा, पण पिन न घालता. चार्जिंग बंद असलेल्या, अर्धवट भरलेल्या, धडधाकट बॅटरीपासून धोका खूपच कमी असतो. चार्जिंग दिवसा, बाहेर, नजरेसमोर. आणि आत ठेवायचीच तर जिन्यापासून आणि मालापासून लांबच्या कोपऱ्यात. दुसरा प्रश्न, "घरमालक बाहेर बोर्ड देत नाही." घरमालकांनो, हे तुमच्यासाठी. दुकानाच्या ओट्यावर १६ ॲम्पिअरचा एक सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की तोडणारं ब्रेकर आणि नीट अर्थिंग, एवढं वायरमनकडून करून घ्यायला एक दुपार लागते. ते न करता भाडेकरू पंख्याच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढून गाडी लावतो, आणि ते एक्स्टेन्शन कापडाच्या गठ्ठ्याखालून जातं. इमारत तुमची आहे, आणि वर कदाचित तुमचीच माणसं झोपलेली आहेत.

बिघाडाच्या खुणाही सांगून ठेवतो, कारण बॅटरी बहुतेक वेळा आधी इशारा देते. डब्याची बाजू फुगलेली वाटते, सीटखाली आधी सहज बसायचा तो आता घट्ट बसतो. पूर्वी चाळीस किलोमीटर जायची ती अचानक पंधरावर येते, म्हणजे एखादी सेलची ओळ मेलीय आणि बाकीच्यांवर ताण येतोय. चार्जरचा दिवा नेहमीच्या वेळेत हिरवा होत नाही. हात लावला तर डब्याचा एकच कोपरा गरम लागतो. नेलपॉलिशच्या बाटलीसारखा गोडसर उग्र वास येतो. पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली असेल किंवा पडून डब्याला पोचा आला असेल, तर त्या दिवशी काही झालं नाही म्हणून निश्चिंत राहू नका. यातलं एक जरी दिसलं तरी चार्जिंग बंद, गाडी उघड्यावर, आणि डबा तपासल्याशिवाय आत नाही. सूं-सूं असा आवाज आणि पांढरी वाफ दिसली तर मग तपासायचं काही उरलेलं नाही. सगळ्यांना उठवा, बाहेर पडा, १०१ किंवा ११२ लावा. जाता जाता मेन स्विच हाताशी असेल तर बंद करा, पण त्यासाठी धुरात शिरू नका. बॅटरी उचलून बाहेर फेकायचा पराक्रम तर करूच नका. लाल सिलिंडरची पावडर ज्वाळा दाबते, पण आतले सेल गरमच असतात, ते पुन्हा पेटतात. अग्निशमन दल भरपूर पाणी मारत राहतं ते त्यांना थंड करायला. आणि जिना धुरानं भरला असेल तर दार उघडू नका. दाराच्या फटीत ओली चादर कोंबा आणि रस्त्याकडच्या खिडकीत या. म्हणूनच त्या खिडकीच्या जाळीला आतून उघडणारं एक दार पाहिजे, आणि त्याची किल्ली खिडकीजवळच टांगलेली पाहिजे.

नुकसानीचंही थोडं बोलू, कारण जीव वाचला तरी दुकान जातं. आग लागल्यावर आपण पहिली चूक करतो ती सफाईची. जळका डबा भंगारवाल्याला देऊन मोकळे होतो. असं करू नका. एक तर तो डबा एक-दोन दिवसांनीही पुन्हा पेटू शकतो, म्हणून तो उघड्यावर, भिंतीपासून लांब ठेवायचा. दुसरं म्हणजे तोच तुमचा पुरावा आहे. पंचनाम्यात नुसतं "शॉर्ट सर्किटने आग" असं लिहिलं जातं आणि विषय संपतो. पंचनाम्यात गाडीचा बनवणारा, मॉडेल, चेसिस नंबर, बॅटरीवरचे आकडे, चार्जरच्या पाठीवरचे आकडे, पिन कोणत्या बोर्डात होती, एमसीबी पडलेला होता की नाही, हे लिहायला लावा. मीटरपर्यंतचा भाग, वायरिंगचा भाग आणि गाडीचा भाग यांचे फोटो वेगवेगळे घ्या. विद्युत निरीक्षकांकडून तपासणी मागा. अग्निशमन दलाचा दाखला घ्या. हे नसेल तर विमावाला, बॅटरी विकणारा आणि वीज देणारा असे तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दुकानदार मध्ये उभा राहतो.

आणि विमा म्हणजे गाडीचा नाही, दुकानाचा. छोट्या दुकानांसाठी २०२१ पासून "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे आहे, तिच्यात आग धरलेली आहे. घेताना मालाची किंमत खरी लिहा. शिवायला आलेलं, दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईकाचं सामान दुकानात असेल तर ते वेगळं नोंदवून घ्या. नाहीतर आपला माल भरून मिळतो आणि गिऱ्हाईकाचा आपल्या खिशातून भरावा लागतो.

आता शेवटी आपल्या महापालिकेला दोन शब्द. जालना नगरपालिकेची २०२३ मध्ये महापालिका झाली. पाटी बदलली. पण खाली दुकान वर घर असलेल्या जुन्या इमारती किती, त्यातल्या किती जणांचा जिना दुकानातून जातो, याची यादी शहराकडे असायला नको का? अग्निशमनाची तपासणी म्हटलं की आपल्याला मोठं हॉस्पिटल, मंगल कार्यालय, मॉल आठवतो. दाणा बाजारातली ती इमारत यातलं काहीच नव्हती. माझी मागणी मोठी नाही. व्यापारी महासंघ, महावितरण आणि अग्निशमन विभाग यांनी मिळून एकेका बाजारपेठेत एकेक संध्याकाळ फिरावं, शटर बंद व्हायच्या वेळेला. कुठे गाडी जिन्याखाली चार्जिंगला आहे, कुठे खिडकीला न उघडणारी जाळी आहे, हे डोळ्यांनी बघावं. दंड करू नये, पहिल्यांदा तरी. दुकानदाराला दाखवावं आणि महिन्यानं पुन्हा यावं. आणि बॅटरी बदलून देणाऱ्या दुकानांना एकच सक्ती करावी. बिलावर सेलची जात, सेलची संख्या, पूर्ण चार्जिंगचा व्होल्टेज आणि जुळणाऱ्या चार्जरचा आकडा लिहिल्याशिवाय बॅटरी विकायची नाही. या एका ओळीनं चुकीच्या चार्जरचा अर्धा धोका जागेवर थांबेल.

महापालिका करेल तेव्हा करेल. आज रात्री शटर ओढायच्या आधी वाकून बोर्डाकडे बघा. पिन घातलेली असेल तर काढा. गाडी सकाळी दहाला लावा, तोवर तिला कुठे जायचं नाहीये.